सगळं धरून शुल्क, चार दिवस उशिराची नोटीस आणि तीन महिन्यांचं बिल: को-लिव्हिंग कराराचं एक प्रकरण

को-लिव्हिंगचा, म्हणजे सेवांसह खोली घेऊन बाकी जागा इतरांसोबत वापरण्याचा, करार वाचताना बहुतेकांचं लक्ष एका आकड्यावर जातं: महिन्याचं सगळं धरून शुल्क. भांडण मात्र त्या आकड्यावरून क्वचितच होतं. ते होतं निघताना. नोटीस कधीपासून मोजायची, न राहिलेल्या दिवसांचे पैसे द्यायचे का, आणि डिपॉझिटमधून काय कापलं जातं, हे तीन प्रश्न तेव्हा उभे राहतात. खालचं प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण त्यातली कलमं अशा करारांत सर्रास सापडतात. हिशेब कुठल्याही चलनात लावता यावा म्हणून महिन्याचं शुल्क १००० धरलं आहे.

करारात काय होतं

निवासी १ एप्रिलला राहायला आला. खोली स्वतंत्र होती, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली सामाईक. डिपॉझिट एका महिन्याचं, म्हणजे १०००. कराराचं शीर्षक ‘निवास-सेवा करार’ असं होतं. ‘भाडं’ हा शब्द त्यात एकदाही आला नव्हता, सगळीकडे ‘शुल्क’ होतं. हा शब्दप्रयोग योगायोगाने झालेला नसतो. त्याचं कारण पुढे येईल.

या १००० मध्ये खोली, फर्निचर, वीज, पाणी, इंटरनेट, सामाईक जागेची सफाई, पंधरा दिवसांतून एकदा खोलीची सफाई आणि चादरी धुणं हे सगळं धरलं होतं. विजेला मात्र ‘वाजवी वापरा’ची मर्यादा होती: खोलीमागे महिन्याला ९० युनिट, त्यावर प्रत्येक युनिटला ०.५ जादा. दरमहाच्या पावतीवर शुल्काची फोड छापलेली असायची, खोली ६४० आणि सेवा ३६०, आणि सेवांतल्या प्रत्येक बाबीची रक्कम वेगळी. हा कागद निवाशाने जपून ठेवला होता आणि पुढे सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडला.

आता महत्त्वाची कलमं. किमान मुक्काम सहा महिने, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. ही मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी नोटीस पोहोचली नाही, तर करार त्याच शुल्कात आपोआप तीन महिने वाढणार. नोटीस ‘ॲपमधील फॉर्मद्वारे’ द्यायची. चालकाला, म्हणजे ही जागा चालवणाऱ्याला, सात दिवसांची सूचना देऊन निवाशाला ‘त्याच दर्जाच्या’ दुसऱ्या खोलीत हलवता येणार. आणि चालकाला स्वतःला करार संपवायचा असेल, तर त्याने फक्त १४ दिवसांची नोटीस द्यायची. दोन्ही बाजूंच्या मुदतीत इतका फरक पाहून अनेकजण चिडतात. चिडण्यापेक्षा सही करण्याआधी मुदत सारखी करून मागावी, कारण यावर घासाघीस होऊ शकते. शुल्कावर सहसा होत नाही.

काय घडलं

१० ऑगस्टला चालकाने निवाशाला दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत हलवलं. ही खोली लहान होती आणि चालकाच्या स्वतःच्या दरपत्रकात तिचं शुल्क ९३० होतं. निवाशाकडून मात्र १००० च घेतले जात राहिले. २० ऑगस्टला त्याने इमारतीच्या मॅनेजरला चॅटवर लिहिलं, ‘मी ३० सप्टेंबरला खोली सोडतो आहे.’ मॅनेजरचं उत्तर आलं, ‘ठीक आहे, ॲपवर फॉर्म भरा.’ फॉर्म भरला गेला ४ सप्टेंबरला. शेवटची तारीख होती ३१ ऑगस्ट.

३० सप्टेंबरला निवाशाने चावी दिली, मॅनेजरने ती घेतली, आणि चालकाने ती खोली आपल्या संकेतस्थळावर ‘उपलब्ध’ म्हणून टाकली. १९ ऑक्टोबरला तिथे नवीन माणूस राहायला आला. नोव्हेंबरात जुन्या निवाशाला शेवटचं बिल मिळालं: वाढीव तीन महिन्यांचे ३०००, ऑगस्टमधल्या ७४ जादा युनिटचे ३७, टेबलावरच्या ओरखड्याचे १८०. एकूण ३२१७. त्यातून डिपॉझिटचे १००० वजा, म्हणजे आणखी २२१७ भरा.

साध्या फ्लॅटच्या भाडेपट्ट्यात हेच झालं असतं तर

भाडेपट्टा म्हणजे ठराविक काळासाठी जागेतला हक्कच भाडेकरूकडे जातो. ताबा त्याचा असतो. घरमालकाला आत यायचं तर त्याला विचारावं लागतं, आणि तुम्हाला दुसऱ्या फ्लॅटमध्ये हलवतो असं तो म्हणू शकत नाही. याची दुसरी बाजू अशी की मुदतीच्या मध्येच भाडेकरू कुलूप लावून निघून गेला, तरी हक्क अजून त्याचाच असतो. म्हणून भाडंही चालू राहतं. फ्लॅट विकला गेला तरी भाडेपट्टा सहसा नव्या मालकावर बंधनकारक राहतो. वीज आणि इंटरनेटची बिलं भाडेकरूच्या नावावर असतात, त्यामुळे मीटरवरून वाद झालाच तर वीज कंपनीशी होतो, मालकाशी नाही.

को-लिव्हिंगचा करार सहसा परवाना म्हणून लिहिलेला असतो: राहण्याची मुभा आणि सोबत सेवा. जागेतला हक्क चालकाकडेच राहतो. खूप वेळा इमारतही चालकाची नसते. त्याने ती मूळ मालकाकडून भाड्याने घेतलेली असते. तो मूळ करार संपला किंवा मोडला, तर निवाशाची मुभाही टिकत नाही, कारण स्वतःकडे नसलेलं दुसऱ्याला देता येत नाही. मूळ करार कधीपर्यंत आहे हे विचारणारा निवासी विरळाच, पण विचारायला हवं.

शीर्षकात ‘सेवा करार’ छापलं की कागद आपोआप परवाना होतो का? तर नाही. १९८५ साली इंग्लंडमध्ये, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचं काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्ड या खटल्यात सांगितलं की भाडं घेऊन ठराविक काळासाठी जागेचा अनन्य ताबा दिला असेल, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, ती भाडेदारीच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५९ मध्ये, एका हॉटेलातल्या खोल्यांच्या वादात, शीर्षकापेक्षा व्यवहाराच्या गाभ्याकडे पाहिलं आणि ‘परवाना’ म्हणवणारा तो करार भाडेपट्टा ठरवला.

को-लिव्हिंगला जास्त जवळचा निकाल १९८८ चा आहे, तोही हाउस ऑफ लॉर्ड्सचा: एजी सिक्युरिटीज विरुद्ध वॉन. चार माणसं एका फ्लॅटमध्ये राहत होती. प्रत्येकाचा करार वेगळा, सुरुवातीची तारीख वेगळी, रक्कम वेगळी, आणि एक गेला की त्याच्या जागी दुसरा येई. चौघांचा मिळून फ्लॅटवर एकत्रित ताबा नाही, ते परवानाधारक आहेत, असं न्यायालयाने ठरवलं. त्याच सुनावणीत ऐकल्या गेलेल्या दुसऱ्या प्रकरणात एक जोडपं छोट्या फ्लॅटमध्ये राहत होतं. ‘मालक आणखी कोणालाही इथे आणू शकेल’ असं कलम त्यांच्या करारात होतं, पण तसं करण्याचा खरा इरादा कोणाचाच नव्हता. तिथे ते कलम निव्वळ देखावा ठरलं आणि भाडेदारी मान्य झाली. थोडक्यात, कलम लिहिलेलं आहे का यापेक्षा ते खरंच वापरलं जातं का, हे पाहिलं जातं. प्रत्येक देशाचं भाडेनियंत्रण वेगळं असलं तरी करार हातात घेतल्यावर विचारायचा पहिला प्रश्न हाच.

आपल्या प्रकरणात चालकाने हलवण्याचं कलम खरोखर वापरलं. सफाईवाले ठरलेल्या दिवशी आत येत होते. चालकाकडे सगळ्या खोल्यांच्या चाव्या होत्या. त्यामुळे ‘मी खरं तर भाडेकरू आहे’ हा दावा इथे टिकणं अवघड होतं, आणि निवाशाने तो केलाही नाही, हे शहाणपणाचं झालं. कारण परवाना मान्य केल्यावर त्याच्या हाती दुसरं, जास्त धारदार हत्यार आलं. खोली चालकाच्याच ताब्यात आहे, ती तो हवी तेव्हा बदलू शकतो, हवी तेव्हा दुसऱ्याला देऊ शकतो, तर निवासी निघून गेल्यावर पूर्ण शुल्क भाड्यासारखं चालू कसं राहील? ताबा सोडायचा नाही आणि भाडंही बुडू द्यायचं नाही, असं दोन्हीकडून चालत नाही. चालकाला मागता येईल ते नुकसान, आणि नुकसान मोजावं लागतं.

नोटीस दिली होती का?

आधी चार दिवसांचा मुद्दा. २० ऑगस्टचा चॅट-संदेश नोटीस धरला, तर वाद तिथेच संपतो. धरला नाही, तर करार ३१ डिसेंबरपर्यंत वाढला.

इथे कलमाची शब्दरचना निर्णायक ठरते. ‘नोटीस ॲपमधील फॉर्मद्वारे द्यावी’ आणि ‘नोटीस फक्त ॲपमधील फॉर्मद्वारेच ग्राह्य धरली जाईल’ या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. पहिल्यात पद्धत सुचवलेली आहे. दुसऱ्या पक्षाला तितक्याच खात्रीने आणि वेळेत कळवलं असेल, तर बहुधा चालून जातं. दुसऱ्यात बाकीची दारं मुद्दाम बंद केलेली असतात. या करारात ‘फक्त’ नव्हतं. शिवाय संपर्कासाठी मॅनेजरचंच नाव दिलेलं होतं, आणि त्याचं ‘ठीक आहे’ हे उत्तर ३१ ऑगस्टच्या आत आलेलं होतं.

निवाशाची कमकुवत बाजू म्हणजे त्याच उत्तरातलं पुढचं वाक्य, ‘ॲपवर फॉर्म भरा’. चालक म्हणणार, आम्ही योग्य रस्ता दाखवला होता आणि अकरा दिवस शिल्लकही होते. यात तथ्य आहे. त्यामुळे निवाशाने सगळी भिस्त या मुद्द्यावर ठेवली नाही. नोटीस वेळेत दिली हे त्याने पहिलं म्हणणं म्हणून मांडलं, आणि ते मान्य नसेल तर नुकसान प्रत्यक्षात किती, हे दुसरं.

अशा वेळी एक गोष्ट हमखास चुकते. लोक आज नोटीस देऊन आजपासून ३० दिवस मोजतात. कराराच्या शब्दांप्रमाणे कधी ती ‘पोहोचल्यापासून’ मोजायची असते, कधी ‘पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून’. दुसऱ्या प्रकारात २ तारखेला दिलेली ३० दिवसांची नोटीस प्रत्यक्षात जवळपास ६० दिवसांची होते. आणि किमान मुक्काम चालू असताना दिलेली नोटीस तो मुक्काम कमी करत नाही. ही दोन वेगळी कुलपं आहेत, एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही. आपोआप वाढीचं कलम तर या दोन्हींपासून वेगळं असतं आणि बहुधा ‘नूतनीकरण’ या मथळ्याखाली, नोटिशीच्या कलमापासून पाच-सहा पानं दूर ठेवलेलं असतं.

नुकसान किती?

पावतीवरची फोड इथे कामी आली. निवासी गेल्यावर चालकाचे काही खर्च थांबले. त्या खोलीची वीज आणि पाणी ९०, चादरी आणि खोलीची सफाई ५०, असे महिन्याला १४०. इंटरनेट, पहारेकरी, सामाईक जागेची देखभाल हे खर्च खोली रिकामी असली तरी चालूच राहतात. म्हणजे रिकाम्या महिन्याचं खरं नुकसान १००० वजा १४०, अर्थात ८६०. चालकाने या आकड्याला फारसा विरोध केला नाही, कारण फोड त्याच्याच पावतीवर होती. पावतीवर फोड नसती, तर हा वाद आठवडाभर चालला असता.

खोली १९ ऑक्टोबरला भरली, म्हणून रिकामे दिवस १ ते १८ ऑक्टोबर. ८६० ला १८ ने गुणून ३१ ने भागलं की ४९९ येतात. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये त्याच खोलीचे पैसे नवीन निवासी देत होता, तेव्हा तिथे नुकसान शून्य.

यावर चालकांचं एक ठरलेलं उत्तर असतं आणि ते पोकळ नाही. ते म्हणतात, नवा माणूस तुमच्या खोलीत आला खरा, पण ती नसती तर तो आमच्या दुसऱ्या रिकाम्या खोलीत आला असता, म्हणजे एक ग्राहक आम्ही गमावलाच. इमारतीत त्याच दर्जाच्या चार-पाच खोल्या रिकाम्या असतील, तर या म्हणण्यात जोर आहे. मग निघणाऱ्या निवाशाची बाजू खरोखरच पातळ होते. हे तपासायचं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच चालकाच्या संकेतस्थळावर किती खोल्या उपलब्ध दिसतात, याचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवावे लागतात. नोव्हेंबरात ती माहिती मिळत नाही. निवाशाने ते काढले होते. २ ऑक्टोबरला त्या इमारतीत फक्त त्याचीच खोली उपलब्ध दिसत होती, बाकी सगळीकडे ‘प्रतीक्षा यादी’ होती. चालकाने हा मुद्दा सोडून दिला.

वीज, टेबल आणि लहान खोली

ऑगस्टच्या बिलात जुन्या खोलीच्या मीटरचा पूर्ण महिना लावला होता: १ तारखेला २३१०, ३१ तारखेला २४७४, म्हणजे १६४ युनिट. त्यातून ९० वजा करून ७४ जादा. पण १० ऑगस्टपासून त्या खोलीत दुसरंच कोणी राहत होतं. हलताना निवाशाने दोन्ही मीटरचे फोटो काढले होते. जुनी खोली २३४४ वर सोडली, म्हणजे ३४ युनिट. नवी खोली ११८० वर घेतली, ती महिनाअखेर १२३१ वर, म्हणजे ५१. एकूण ८५. मर्यादेच्या आत, जादा काहीच नाही. खोलीला स्वतंत्र उपमीटर नसेल तर हा बचावच उरत नाही. मजल्याचा वापर डोक्यांवर वाटला जातो आणि दिवसभर घरून काम करणाऱ्याचा भार बाकीच्यांवर पडतो. ‘सगळं धरून’ शुल्काची खरी कड तिथे असते.

टेबलाचा प्रश्न पाच मिनिटांत मिटला. सामानाच्या यादीवर सही १ एप्रिलची होती आणि यादी पहिल्या खोलीची. दुसऱ्या खोलीचं टेबल त्याला कोणत्या स्थितीत मिळालं, याचा एकही कागद चालकाकडे नव्हता. एरवी हा दावा निवाशाला जड गेला असता, कारण निवाशाने स्वतःही त्या टेबलाचा फोटो काढला नव्हता. नशीब चालकाची ढिलाई मोठी होती.

लहान खोलीचा मुद्दा मात्र निवाशाने स्वतःहून, जरा उशिराच काढला. हलवण्याचं कलम ‘त्याच दर्जाच्या’ खोलीबद्दल होतं. चालकाच्याच दरपत्रकात ९३० असलेली खोली १००० च्या दर्जाची नव्हती. महिन्याला ७० चा फरक: ऑगस्टचे २२ दिवस धरून ५०, सप्टेंबरचे ७०, मिळून १२०. चालक म्हणाला, त्या वेळी तुम्ही काही बोलला नाहीत आणि पूर्ण शुल्क भरलंत. हा आक्षेप चुकीचा नाही. हलवल्या दिवशीच ‘हरकत राखून’ अशी एक ओळ लिहून पाठवली असती, तर तो उठलाच नसता.

तडजोड

दोन्ही बाजूंनी आपापली कच्ची जागा ओळखली होती. निवाशाला चार दिवस उशिराच्या नोटिशीची धास्ती होती. चालकाला भीती होती ती हे हलवण्याचं कलम आणि पावतीवरची फोड एखाद्या ग्राहक मंचापुढे उघड्यावर येण्याची. ऑक्टोबरच्या १८ दिवसांचे ४९९ निवाशाने मान्य केले. लहान खोलीचे १२० चालकाने मान्य केले. वीज आणि टेबलाचे पैसे गेले. उरले ३७९, ते डिपॉझिटमधून कापून ६२१ परत. ज्याच्याकडे २२१७ मागितले होते, त्याला ६२१ मिळाले.

परतीच्या पत्रात चालकाने ‘सद्भावनेपोटी’ असा शब्द घातला होता. निवाशाने तो तसाच राहू दिला, पण त्याखाली ‘१ एप्रिलच्या करारातून कोणाचंही काहीही येणं-देणं उरलेलं नाही’ हे वाक्य लिहून घेतलं आणि मग सही केली. डिसेंबरअखेर यंत्रणेतून आपोआप निघणारं स्मरणपत्र तरीही आलंच. तेव्हा त्याला हे एक वाक्य जोडून पाठवावं लागलं.